‘खाऊन-पिऊन’ पगार : ताटातली पोळी पगारातून कापता येते का?

वर्धा रोडवरचा ढाबा असो, सीताबर्डीतले भोजनालय असो की हिंगण्याच्या एमआयडीसीजवळची मेस, कामाला माणूस ठेवताना एक वाक्य हमखास ऐकू येते : “खाऊन-पिऊन साडेदहा देईन.” दुसऱ्या ठिकाणी हेच उलटे सांगतात : “पगार पंधरा, जेवण-खोलीचे साडेचार कापून.” दोन्हीकडे महिनाअखेरीस हातात पडतात ते १०,५०० रुपयेच. म्हणून बोलणारा आणि ऐकणारा, दोघांनाही ही एकच गोष्ट वाटते. कायद्याच्या हिशेबात मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कामगाराचे नुकसान नेमके कुठे होते ते हा फरक समजल्याशिवाय दिसत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली ‘वेतन संहिता, २०१९’ पगाराबद्दल आहे. तिने किमान वेतनाचा १९४८ चा कायदा आणि वेतन प्रदानाचा १९३६ चा कायदा हे दोन्ही आपल्यात सामावून घेतले. तेव्हापासून हॉटेलमालक आणि कामगार दोघेही विचारत आहेत, जेवण कापता येते का, आणि आले तर किती? उत्तरासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू.

एका भोजनालयात स्वयंपाकघरात काम करणारा हेल्पर आहे. गाव बालाघाटकडचे, बायको-मुले तिकडेच. दोन वेळचे जेवण आणि दोन चहा मालकाकडे, झोपायला भोजनालयाच्या मागची खोली. मालक महिन्याला जेवणाचे ३,००० आणि खोलीचे १,५०० धरतो. यातले आणि पुढचे आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत. आपापल्या ठिकाणचे खरे आकडे घालून हाच हिशेब करता येईल.

आधी दोन वाटा वेगळ्या करू

पहिली वाट म्हणजे वस्तुरूप वेतन. यात पगाराचाच काही भाग पैशाऐवजी जेवण, धान्य अशा रूपात दिला जातो. ‘खाऊन-पिऊन साडेदहा’ हा बोलीचा सौदा या वाटेचा. विदर्भाच्या शेतीत ही पद्धत जुनी आहे. सालदाराचा ठराव गुढीपाडव्याला व्हायचा आणि त्यात रोख रकमेबरोबर धान्यही ठरायचे.

दुसरी वाट म्हणजे कपात. पगार पूर्ण पैशातच ठरतो, पावतीवर पूर्ण दिसतो आणि मग त्यातून काही रक्कम वजा होते. ‘पंधरातून साडेचार कापून’ हा सौदा इथला.

किराणा दुकानाचे उदाहरण घ्या. दुकानदाराकडे तुमचे शंभर रुपये येणे आहेत. त्याने शंभराची नोट दिली आणि मग तुम्ही चाळीसची साखर घेतली, तर साखरेचा भाव तुम्ही विचारू शकता, वजन पाहू शकता, नको म्हणू शकता. त्याने साठ रुपये हातावर ठेवून “बाकीची साखर धरा” म्हटले, तर भाव त्याचा, वजन त्याचे आणि गरजही त्यानेच ठरवलेली. कायदा वस्तुरूप वेतनाच्या वाटेकडे जास्त संशयाने पाहतो तो याचमुळे. १९४८ चा कायदा तर सरळ म्हणत होता की किमान वेतन रोखच द्यायचे. जिथे वस्तुरूपाची रूढी आहे आणि सरकारने अधिसूचना काढून परवानगी दिली आहे, तिथेच काय ती सूट होती.

‘खाऊन-पिऊन’ सौद्याचा हिशेब

वेतन संहितेने वस्तुरूप वेतनाला एक कुंपण घातले आहे. पगाराऐवजी दिलेल्या वस्तूंची किंमत, कामगाराला देय असलेल्या एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच ‘वेतन’ म्हणून धरली जाते. त्यापुढे मालकाने कितीही खाऊ घातले तरी ते वेतनात मोजले जात नाही.

शिवाय, राहायला दिलेल्या घराची किंमत संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येतूनच वगळलेली आहे. म्हणजे खोलीचे १,५०० दाखवून ‘किमान वेतन पूर्ण झाले’ असे म्हणता येत नाही.

आता आपला हेल्पर पाहू. त्याच्या कामाचे किमान वेतन महिन्याला १४,००० आहे असे धरू. त्याचे १५ टक्के झाले २,१००. मालक रोख १०,५०० देतो आणि जेवण ३,००० चे म्हणतो. मालकाचा आकडा जसाच्या तसा मान्य केला तरी त्यातले २,१०० च मोजले जातील. १०,५०० अधिक २,१०० म्हणजे १२,६००. किमान वेतनापेक्षा दर महिन्याला १,४०० कमी. मालकाच्या मनात खोट नसली, पोरांना तो पोटभर जेवू घालत असला, तरी हा सौदा बेकायदा ठरतो. अनेक चांगल्या मालकांची चूक इथेच होते.

आपल्या कामाचे खरे किमान वेतन कसे कळेल? महाराष्ट्रात ते उद्योगानुसार, परिमंडळानुसार आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गानुसार ठरते. मूळ दरावर ‘विशेष भत्ता’ म्हणजे महागाईचा भाग असतो आणि तो दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. कामगार विभागाच्या mahakamgar.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर त्याचे तक्ते असतात. नेहमी होणारी चूक अशी की लोक फक्त मूळ दर पाहतात आणि विशेष भत्ता मिळवायचा राहून जातो. हॉटेल आणि खानावळीच्या अधिसूचनेखालच्या टिपाही वाचाव्यात. जेवणाबद्दल काही अट घातलेली असली तर ती तिथेच सापडते.

कपातीच्या वाटेवर तीन दारे

दुसऱ्या वाटेने जाणाऱ्या मालकाला, म्हणजे पावतीवर १५,००० दाखवून त्यातून कापणाऱ्याला, तीन दारे ओलांडावी लागतात.

पहिले दार : या गोष्टीसाठी कापायची परवानगी आहे का? संहितेच्या कलम १८ मध्ये परवानगी असलेल्या कपातींची यादी आहे. यादीत नाही ते कापता येत नाही. यादीत मालकाने पुरवलेले घर आहे. ‘सुखसोयी आणि सेवा’ याही आहेत, आणि जेवण येते ते त्यांच्यात. पण त्यांच्यापुढे एक अट आहे : सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने सर्वसाधारण किंवा विशेष आदेश काढून त्या कपातीला मुभा दिलेली असली पाहिजे. घराला ही अट नाही. खोली आणि ताट एकाच मालकाचे असले तरी कायद्याने त्यांना दोन वेगळ्या रांगांत उभे केले आहे. ‘जेवतो तर कापणारच’ हे म्हणणे पहिल्याच दाराशी अडते. मालकाने आधी आदेश दाखवायचा, मग कापायचे. कामाची हत्यारे आणि कच्चा माल तर या सुखसोयींत येतच नाहीत. त्यामुळे सुरी, एप्रन, भांडी घासायची पावडर यांचे पैसे कापायची सोयच नाही.

दुसरे दार : कामगाराने ती सोय स्वीकारली आहे का? नोकरीची अट म्हणून किंवा अन्य प्रकारे कामगाराने मान्य केलेल्या घरासाठी-सेवेसाठीच कपात करता येते, असे कलम २२ सांगते. एखादा हेल्पर महाल भागात मामाकडे राहतो, खोलीत एक रात्रही झोपत नाही, आणि तरी ‘खोली सगळ्यांना लागू’ म्हणून त्याचे १,५०० कापले, तर ती कपात टिकत नाही.

तिसरे दार : रक्कम. जितक्या किमतीची सोय दिली, त्याहून जास्त कापता येत नाही. आणि दंड, उचल, भविष्य निर्वाह निधी, घर, जेवण अशा सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत.

खरे भांडण होते ते या तिसऱ्या दाराशी. कारण ‘किंमत’ म्हणजे नेमके काय?

ताटाची किंमत कशी काढायची

एकाच ताटाच्या तीन किमती असतात. मेनूकार्डावरची थाळी १५० ची. शेजारच्या मेसमध्ये महिन्याचा डबा लावला तर तेच जेवण ७०-८० चे. आणि भोजनालयाच्याच चुलीवर, गिऱ्हाइकांबरोबर शिजणाऱ्या वरण-भाताचा खर्च त्याहून कमी. यातली कोणती धरायची?

एका माणसाच्या एका दिवसाचे सामान मांडून पाहू. अंगमेहनतीचे काम करणारा माणूस दोन वेळेला मिळून साधारण २५० ग्रॅम तांदूळ आणि ३०० ग्रॅम कणीक खातो असे धरू. तांदूळ ४५ रुपये किलोने सव्वाअकरा रुपयांचा, कणीक ४० रुपये किलोने १२ ची. तुरीची डाळ ८० ग्रॅम, १३० रुपये किलोने दहा रुपये चाळीस पैसे. भाजी पाव किलो, १० रुपये. तेल ४० ग्रॅम, १५० रुपये किलोने ६ रुपये. कांदा, मीठ, मसाला ५. दोन चहांचे दूध-साखर-पत्ती ८. गॅसचा वाटा ५. बेरीज होते साधारण ६८ रुपये.

महिन्यात चार साप्ताहिक सुट्ट्या धरल्या तर जेवणाचे दिवस २६. ६८ गुणिले २६ म्हणजे १,७६८ रुपये. मालक कापतो ३,०००. फरक १,२३२ रुपयांचा, आणि हा फरक कामगाराच्या ताटात कुठेच दिसत नाही.

मालक म्हणेल, “बाहेर मेस लावली तर तीन हजारच पडतात. मी जास्त कुठे घेतले?” हा मुद्दा नुसता उडवून लावण्यासारखा नाही. पण मेसवाल्याच्या तीन हजारांत त्याचे दुकानभाडे, त्याचा नफा, त्याच्या माणसाचा पगार असतो. इथे स्वयंपाकघर धंद्यासाठी आधीच चालू आहे, चूल पेटलेली आहे आणि कणीक मळणारा तो हेल्परच आहे. शिवाय मेस आवडली नाही तर बदलता येते. मालकाचे जेवण बदलता येत नाही. निवड नसलेल्या गिऱ्हाइकाकडून नफा घेणे गैर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत हवेतले नाही. कारखान्यांच्या आणि कंत्राटी कामगारांच्या कॅन्टीनचे नियम याच तत्त्वावर बांधलेले आहेत : दर ‘ना नफा, ना तोटा’ पद्धतीने लावायचे, आणि दर ठरवताना जागेचे भाडे, इमारतीची व भांड्यांची घसारा-झीज, पाणी-दिव्याचा खर्च हे त्यात धरायचेच नाही. अमेरिकेत १९३८ च्या श्रमकायद्याने मालकाला ‘वाजवी खर्च’ तेवढा धरायची मुभा दिली आणि नफा त्यातून बाहेर ठेवला. ब्रिटनमध्ये तर किमान वेतनाच्या हिशेबात जेवण मोजतच नाहीत. मोजतात फक्त राहण्याची सोय, आणि तिलाही सरकार दिवसाची कमाल रक्कम ठरवून देते. एप्रिल २०२५ मध्ये ती १०.६६ पौंड होती.

दिवसांचा हिशेब हा वेगळा सापळा आहे. जेवणाची कपात ‘महिन्याची ठोक’ असेल, तर सुट्टीच्या दिवसाचे, आजारपणाचे, गावी गेलेल्या दिवसांचेही पैसे जातात. आपला हेल्पर भातकापणीला आठ दिवस गावी गेला, तर त्या महिन्यात तो १८ दिवस जेवला : ६८ गुणिले १८, म्हणजे १,२२४ रुपये. आणि कापले तर ३,००० च. म्हणून कपात नेहमी ‘दर दिवसाला इतके, गुणिले जेवलेले दिवस’ अशीच लिहिलेली असावी. मस्टरवर हजेरीच्या शेजारी ‘जे’चा एक रकाना ओढला की काम भागते.

खोलीची परीक्षा : डोकी मोजून गुणाकार

खोलीची किंमत काढायला सर्वात सोपी रीत म्हणजे गुणाकार. एका माणसाकडून किती घेतात, गुणिले खोलीत किती माणसे झोपतात. आपल्या उदाहरणात १,५०० गुणिले ६, म्हणजे ९,००० रुपये. आता त्याच वस्तीत दहा बाय बाराची, टिनाच्या छपराची, सामाईक संडासाची खोली कितीला मिळते ते विचारायचे. ६,००० म्हणाले, तर एका माणसाचा वाटा १,००० होतो. मालक प्रत्येकामागे ५०० जास्त घेतो आहे. माणसे वाढली की वाटा कमी व्हायला हवा. दर माणशी तोच राहिला आणि माणसे कोंबली जाऊ लागली, तर मालकाने खोली भाड्याने लावायचा दुसरा धंदा सुरू केला असे समजावे.

तुलना करताना सारख्याला सारखे लावायचे. मेडिकल चौकातल्या ‘कॉट बेसिस’च्या खोलीत पलंग असतो, कपाट असते, किल्ली आपल्या हातात असते. पोत्यांच्या थप्पीशेजारी सतरंजी टाकून झोपणाऱ्याला तो दर लावता येत नाही. आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की टिनाखालची खोली रात्री बारापर्यंत तापलेलीच राहते. कूलर नसेल तर माणसे गच्चीवर किंवा फुटपाथवर झोपतात. ज्या खोलीत झोपताच येत नाही, तिची त्या महिन्याची किंमत पूर्ण कशी धरणार? पलंग, पंखा, कूलर, पाणी, संडास आणि आतून लागणारी कडी या सहा गोष्टी पाहिल्या की खोलीचा खरा भाव कळतो.

पण रकमेच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो : ही खोली कोणाच्या सोयीची? भोजनालयात पहाटे पाचला दूध येते, रात्री साडेबाराला शटर पडते. हेल्पर तिथेच झोपतो म्हणून दूध उतरवून घेतले जाते आणि मालावर नजर राहते. म्हणजे तो झोपेतही थोडी राखण करतो आहे. जी सोय मुख्यतः मालकाच्या धंद्यासाठी आहे, तिची किंमत कामगाराकडून वसूल करायची नाही, असे अमेरिकेतले नियम स्पष्ट सांगतात. आपल्याकडे बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्याने हाच न्याय लावला होता. बांधकाम चालू असेपर्यंत मजुरांना साइटवर किंवा जवळ तात्पुरती राहण्याची जागा विनामूल्य द्यायची, वेगळी स्वयंपाकाची, आंघोळीची, संडासाची सोय करायची, असे त्याचे कलम ३४ सांगत होते. साइटवर मजूर राहिला तर गरज बिल्डरचीच भागते, हे त्यात मान्य केलेले होते.

“पण मजूरच तर मागतो”

हे खरे आहे. परगावाहून आलेल्या माणसाला नागपुरात पहिल्या दिवशी जेवण आणि निवारा हवाच असतो. डिपॉझिटला पैसे नसतात, ओळखीचे कोणी नसते. म्हणून तो मागतो आणि ‘हो’ म्हणतो. ही सोय बंद करा असे कोणी म्हणत नाही. प्रश्न एवढाच की ‘हो’ म्हणताना त्याला काय माहीत होते. दिवसाचा दर, खोलीचा वाटा आणि ‘नको असेल तर न घेता पूर्ण पगार’ ही तिसरी गोष्ट त्याला सांगितली असेल, तर ती संमती. पहिल्या पगाराच्या दिवशी साडेचार हजार कमी पाहून त्याला कळत असेल, तर तिला संमती म्हणता येत नाही. किमान वेतनापेक्षा कमी घ्यायला कामगाराने सही करून दिली तरी ती सही चालत नाही. तो हक्क कामगाराला स्वतःहूनही सोडून देता येत नाही.

“रोख दिले तर उडवतात, जेवण दिले तर निदान पोटात तरी जाते” हेही ऐकू येते. काळजीपोटी म्हणणारेही असतात. पण शंभर रुपयांचे जेवण आणि शंभर रुपये या कामगाराच्या लेखी सारख्या गोष्टी नाहीत. रोख शंभरातले साठ तो बालाघाटला बायकोला पाठवू शकतो, मुलीची वही घेऊ शकतो. ताटातले जेवण त्याला पाठवता येत नाही. त्याचे कुटुंब त्याच्या पगारावर जगते, आणि वस्तुरूप वेतनातला प्रत्येक रुपया त्या कुटुंबाच्या हातातून निसटलेला असतो. वेतनाच्या संरक्षणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४९ च्या करारातही हाच कस लावला आहे : दिलेली वस्तू कामगाराच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या उपयोगाची असावी, तिची लावलेली किंमत वाजवी असावी.

“मग आम्ही जेवण देणेच बंद करू”

काही मालक असे म्हणतील. त्यांनी आधी आपलाच हिशेब करून पाहावा. हेल्पर बाहेर जेवायला गेला तर दुपारच्या गर्दीत तासभर माणूस कमी पडतो. रात्री बारानंतर त्याला घरी जायला बस नाही. जेवण-खोली बंद केली तर पगार वाढवून द्यावा लागेल किंवा माणूस टिकणार नाही. सहा माणसांचे रोजचे ६८ रुपये धरले तर दिवसाला ४०८ रुपये होतात. गर्दीच्या वेळी सहा माणसे जागेवर राहण्याची ती किंमत आहे. अनेक भोजनालये जेवण फुकटच देतात आणि पगार पूर्ण देतात, ते याच हिशेबाने.

दुसरी शंका कामगाराच्या बाजूची आहे. सगळे नियम पाळून कापले तर हातातली रक्कम किमान वेतनाच्या खाली जाऊ शकते का? जाऊ शकते. किमान वेतन पाळले की नाही हे कपातीच्या आधीच्या पगारावर पाहतात. त्यामुळे पगार पूर्ण धरून, परवानगी असलेल्या गोष्टींचे, खऱ्या किमतीइतकेच कापले, तर हाती कमी आले म्हणून ते आपोआप बेकायदा होत नाही. कायद्यात इथे फट आहे असे आम्हाला वाटते, आणि ब्रिटनसारखी दिवसाची कमाल रक्कम ठरवली तर ती बुजेल.

उचल मिसळली की हिशेब हरवतो

जेवण, खोली आणि उचल यांची एकच वही झाली की गोष्ट पार वेगळ्या वळणावर जाते. वीटभट्ट्यांवर हे सर्रास घडते. हंगामाआधी उचल, हंगामात दर आठवड्याला जेवणाखाणापुरती ‘खर्ची’, आणि हिशेब शेवटी एकदम. मधल्या सात-आठ महिन्यांत कणीक कोणत्या भावाने लावली, किती किलो दिली, हे मजुराला दिसत नाही. हंगाम संपतो तेव्हा अंगावर बाकी निघते आणि ती फेडायला पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर यावे लागते. जेवणाची कपात इथे वेठीचे दार उघडते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आहे. आणि १९८२ मध्ये, आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या कलम २३ ने मना केलेले सक्तीचे श्रम आहेत. त्या खटल्यात ९ रुपये २५ पैसे रोजातून जमादार आपले एक रुपया कमिशन कापून घेत आणि मजुराला ८ रुपये २५ पैसे मिळत. मध्येच कोणीतरी कापून घेतलेला एक रुपया न्यायालयाने किरकोळ मानला नाही.

म्हणून उचलीची वही वेगळी, जेवणाची वेगळी. हा नियम लहान भोजनालयानेही पाळावा.

आपल्या हेल्परचा शेवटचा हिशेब

पगार १५,०००. जेवण कापायला मुभा देणारा आदेश मालकाकडे नसेल, तर जेवणाचे शून्य आणि खोलीचे जास्तीत जास्त १,००० कापता येतील. हाती १४,००० यायला हवेत, येतात १०,५००. दरमहा ३,५०० कमी. आदेश असेल, तर जेवणाचे १,७६८ आणि खोलीचे १,००० मिळून २,७६८ कापता येतील आणि हाती १२,२३२ यायला हवेत. तरीही दरमहा १,७३२ रुपये कमी मिळत आहेत.

हे मागायचे कसे? आधी पगारपावती मागावी. ती देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि तिच्यावर पूर्ण पगार, जेवण, खोली, उचल हे वेगवेगळ्या ओळींत असायला हवे. पावती मिळत नसेल तर साधी खिशातली डायरी ठेवावी : तारीख, कामावर होतो की नाही, जेवलो की नाही, किती पैसे मिळाले. पगार यूपीआयने येत असेल तर त्या नोंदी पुसू नयेत. सोबत झोपणाऱ्यांची संख्या आणि खोलीचा मोबाइलवर काढलेला फोटो हेही उपयोगी पडते. कोऱ्या कागदावर किंवा नुसत्या ‘पगार मिळाला’ अशा ओळीखाली सही करू नये. सहीच्या वर मिळालेली रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहावी.

बोलून सुटत नसेल तर नागपुरातील अपर कामगार आयुक्त कार्यालयात जावे. संहितेनुसार दावा कामगार स्वतः करू शकतो, त्याची युनियन करू शकते किंवा निरीक्षकही करू शकतो. मुदत पैसे थकल्यापासून तीन वर्षांची आहे. जुन्या कायद्यांत ती सहा महिने किंवा एक वर्ष होती, त्यामुळे अनेकांचे दावे मुदत उलटूनच मरायचे. आपला हेल्पर अठरा महिने तिथे असेल, तर ३,५०० च्या हिशेबाने दावा ६३,००० रुपयांचा होतो. त्याशिवाय ठरलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई द्यायला लावायचा अधिकार दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. नोकरी सोडली किंवा काढून टाकले, तर राहिलेला सगळा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. ‘खोली रिकामी कर, मग पाहू’ असे म्हणून तो अडवता येत नाही.

अशा दाव्यात पैसे पूर्ण दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. किती दिवस जेवला, कोणत्या दराने, कोणत्या आदेशाखाली कापले, हे कागदावर दाखवावे लागते ते मालकाला. ज्या भोजनालयाच्या मस्टरवर ‘जे’चा रकाना आहे, त्याला हे पाच मिनिटांचे काम आहे.